साठ सेकंदांचा टीटीएल आणि निपाणीचा दीड तास

बेळगावच्या एका पतसंस्थेने आपला पिग्मीचा सर्व्हर एका शनिवारी रात्री नव्या जागी हलवला. संस्था दोन राज्यांत काम करते, म्हणून तिची नोंदणी २००२च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली आहे. मुख्य कार्यालय बेळगावात, आणि निपाणी, खानापूर व पलीकडे चंदगड इथे शाखा. पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून पैसे गोळा करतात. मोबाइलच्या ॲपवर पावती करतात आणि घरी पोचून वायफाय मिळालं की दिवसाचा भरणा सर्व्हरवर चढवतात. सर्व्हरचा पत्ता ॲपमध्ये आकड्यांत नाही, नावाने आहे. तेव्हा सर्व्हर बदलायचा म्हणजे डीएनएस या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतला एक रेकॉर्ड बदलायचा, असं साधं गणित होतं. इथे नाव आणि आयपी पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेले घेतले आहेत. जुना सर्व्हर `192.0.2.10`, नवा `198.51.100.20`, नाव `app.example.com`.

योजना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी आखली होती. मी संस्थेच्या बाजूने त्या रात्री हजर होतो. योजना वाचली तर तिच्यात वरवर खोट काढायला जागा नव्हती. रेकॉर्ड घेणाऱ्याने तो आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, किती सेकंद ठेवावा हे सांगणारा आकडा म्हणजे टीटीएल. तो आधी ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस होता. गुरुवारी सकाळी अकरा वाजता तो ६० वर आणला. जुना एक दिवसाचा टीटीएल ज्यांच्या कॅशमध्ये असेल त्यांचा शुक्रवारी अकरापर्यंत संपणार, म्हणजे शनिवार रात्रीपर्यंत भरपूर सवड. शनिवारी नऊला ॲप बंद, डेटाबेसची प्रत नव्या सर्व्हरवर, नऊ चाळीसला रेकॉर्ड बदल. साठ सेकंदांनी सगळे नव्याकडे. धोका नको म्हणून पाच मिनिटं धरलेली. काही बिघडलंच तर परत फिरता यावं म्हणून रेकॉर्ड बदलल्याबरोबर जुना सर्व्हरही पुन्हा सुरू करून ठेवायचा, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. गडबड झाली ती या ओळीमुळे. पण ती का झाली हे कळायला आधी टीटीएलकडे नीट बघावं लागतं.

नऊ चाळीसला रेकॉर्ड बदलला. नऊ बेचाळीसला मुख्य कार्यालयात सगळ्या संगणकांवर नवा सर्व्हर दिसू लागला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. नऊ पन्नासला निपाणी शाखेच्या मॅनेजर मॅडमचा फोन आला. "सर, एजंट म्हणतोय भरणा गेला, त्याच्या मोबाइलवर पावती नंबरपण आलाय. पण बेळगावात विचारलं तर त्यांना ती एंट्री दिसत नाही म्हणतात. डे-एंड करायचं कसं आम्ही?"

एंट्री गेली होती, फक्त जुन्या सर्व्हरवर गेली होती. मुख्य कार्यालयात चाचणी सुरळीत झाली याचं कारण इतकंच की तिथल्या राउटरमध्ये कुणीतरी कधीकाळी `8.8.8.8` हा गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर घालून ठेवला होता, आणि त्याने साठ सेकंदांचा टीटीएल पाळला. रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीने नावाचा पत्ता विचारून आणणारा आणि तो कॅशमध्ये ठेवणारा सर्व्हर. निपाणी शाखा आणि आसपासच्या गावांतले बरेच एजंट एका स्थानिक फायबरवाल्याचं नेट वापरतात, आणि त्यांच्या वाट्याला त्या फायबरवाल्याचा स्वतःचा रिझॉल्व्हर येतो. असे रिझॉल्व्हर फक्त आपल्या ग्राहकांनाच उत्तर देतात, त्यामुळे बेळगावातून त्याला काही विचारता येत नव्हतं. निपाणी शाखेतल्या एका लिनक्स संगणकावर दूरून शिरलो आणि तिथून आधी रेकॉर्ड मुळात जिथे ठेवलेला असतो त्या आपल्या नेमसर्व्हरला, मग त्या रिझॉल्व्हरला विचारलं. तेव्हा नऊ बावन्न झाले होते.

```
$ dig @ns1.example.com app.example.com A +norecurse +noall +answer
app.example.com.   60   IN  A  198.51.100.20

$ dig @203.0.113.53 app.example.com A +noall +answer
app.example.com.   972  IN  A  192.0.2.10
```

दुसऱ्या उत्तरातला ९७२ हा आकडा बघा. रिझॉल्व्हर कॅशमधून उत्तर देतो तेव्हा टीटीएलच्या जागी उरलेले सेकंद सांगतो. मूळ टीटीएल ६० असताना उरलेले सेकंद ९७२ असूच शकत नाहीत. एक शंका मात्र इथेच फेडून घ्यायला हवी. हा गुरुवारच्या आधीचा, एक दिवस टीटीएलचा रेकॉर्ड तर नसेल? तो शुक्रवारी अकरालाच संपायला हवा होता. पण दुय्यम नेमसर्व्हरने गुरुवारचा बदल उचललाच नसेल, तर तो शनिवारपर्यंत ८६४०० वाटत बसलेला असू शकतो. म्हणून दोन्ही नेमसर्व्हरचा एसओए क्रमांक, म्हणजे दर बदलाबरोबर वाढणारा क्रमांक, तपासला. दोन्हीकडे तोच होता, म्हणजे ती वाट बंद. मग तेच दुसरं `dig` दर मिनिटाला चालू ठेवलं. आकडा शून्याकडे गेला, दहा वाजून आठ मिनिटांनी नवा पत्ता आला आणि त्याच्यासोबत टीटीएल आला १८००. आपण ६० देतो आणि तो १८०० करून ठेवतो, हे उघड झालं. ९७२ उरले म्हणजे ८२८ सेकंद झाले होते, म्हणजे त्याने जुना पत्ता नऊ अडतीसला, आपण रेकॉर्ड बदलायच्या जेमतेम दोन मिनिटं आधी घेतला होता. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

आता रिझॉल्व्हर असं का करतात ते पाहू, कारण यातलं काही आडमुठेपणाचं आहे आणि काही शहाणपणाचं.

नियमाची भाषा आधी. डीएनएसचा १९८७चा मूळ दस्तऐवज, आरएफसी १०३५, टीटीएलची व्याख्या अशी करतो की रेकॉर्ड इतका काळ कॅशमध्ये ठेवता येईल, त्यानंतर मूळ स्रोताला पुन्हा विचारावं. १९९७च्या आरएफसी २१८१ने ते आणखी स्पष्ट केलं. टीटीएल ही कमाल मर्यादा आहे, तितका वेळ ठेवलंच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे रिझॉल्व्हरने रेकॉर्ड लवकर टाकून दिला तर तो नियमातच आहे. जास्त ठेवला तर नियम मोडला. पण मोडला म्हणून आपला नेमसर्व्हर त्याचं काही करू शकत नाही. एकदा उत्तर त्याच्या हातात दिलं की ते परत मागवायची सोय डीएनएसमध्ये नाही. टीटीएल हा आकडा उत्तरासोबत जातो, तो पाळायचा की नाही हे घेणारा ठरवतो.

आणि घेणाऱ्याला न पाळण्याची सोय त्याच्या सॉफ्टवेअरनेच दिलेली असते. अनबाउंडमध्ये `cache-min-ttl` आहे. तो मुळात शून्य असतो. तो वाढवला तर त्याहून लहान टीटीएल ओढून तेवढा केला जातो. अनबाउंडची पुस्तिका बजावते की तासाभराच्या पुढे गेलात तर कॅशमधली माहिती आणि खरी माहिती यांचा मेळ राहणार नाही. बाइंडने अशी सोय बरीच उशिरा, ९.१४ आवृत्तीत आणली आणि `min-cache-ttl` ला ९० सेकंदांची कमाल मर्यादा घालून टाकली. मला विचाराल तर या बाबतीत बाइंडवाल्यांनी समंजसपणा दाखवला. घरगुती आणि लहान कार्यालयांच्या कित्येक राउटरमध्ये असतो तो डीएनएसमास्क. त्याच्या पुस्तिकेत टीटीएल ताणणं साधारणपणे वाईटच असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि तरीही एका तासापर्यंत ताणायची मुभा आहे.

निपाणीच्या फायबरवाल्याने १८०० का घातले होते? तो दुसऱ्या दिवशी फोनवर भेटला आणि मोकळेपणाने बोलला. "साहेब, आमचा बॉक्स लहान आहे की. वरून आम्ही लाइन विकत घेतो. संध्याकाळी सगळे मोबाइलवर बसले की एकेक ॲप दर मिनिटाला तीच तीच नावं विचारतंय. लोकांना डीएनएस म्हणजे काय म्हाईत नाही, ते म्हणतात नेट स्लो आहे. हे वाढवल्यावर तक्रारी थांबल्या बघा."

त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. सतत वापरात असलेलं एखादं नाव ६० सेकंद टीटीएलचं असेल, तर कॅशला त्यासाठी दिवसातून १४४० वेळा बाहेर विचारावं लागतं. १८०० सेकंदांत तेच काम ४८ वेळांत भागतं. मोठ्या सेवांची बरीच नावं मुद्दाम लहान टीटीएलची ठेवलेली असतात, कारण त्यांना ग्राहक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चटकन वळवायचे असतात. त्या सोयीचं ओझं मात्र त्यांच्याऐवजी मधल्या रिझॉल्व्हरवर पडतं. प्रत्येक चुकलेल्या कॅशमागे ग्राहकाला दूरच्या नेमसर्व्हरची फेरी होईपर्यंत थांबावं लागतं, आणि लाइन भरलेली असली की ती फेरी लांबते. शिवाय काही लोक चुकून शून्य टीटीएल ठेवतात, तेव्हा प्रत्येक प्रश्न थेट बाहेर जातो. अशा सगळ्यांपासून आपला लहान बॉक्स वाचवायला खालची मर्यादा घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. फक्त १८०० हा आकडा त्याने स्वतः मोजून ठरवला नव्हता. दुसऱ्या एका नेटवाल्याने दिलेली फाइल जशीच्या तशी चढवली होती. ३०० घातले असते तरी त्याचं बरंचसं काम झालं असतं, कारण ६० वरून ३०० वर जाताना विचारणा १४४० वरून २८८ वर येतात. मोठी बचत तिथेच होऊन जाते. पुढे ३०० वरून १८०० वर जाऊन दिवसाला आणखी २४० वाचतात, इतकंच.

त्या रात्री मात्र हे सगळं नंतरचं होतं. मॅनेजर मॅडमचा फोन संपल्यासंपल्या लक्षात आलं की लोक जुन्याकडे येताहेत ही गोष्ट थांबवता येणार नाही. ते जुन्याकडे येऊन तिथे लिहिताहेत, ही थांबवता येईल. जुना सर्व्हर नुसता बंद केला असता तर एजंटांना एरर आली असती आणि पावत्या मोबाइलमध्येच अडकून पडल्या असत्या. म्हणून नऊ सत्तावन्नला जुन्या सर्व्हरवरचं ॲप बंद करून तिथल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरला सांगितलं की येईल ते सगळं नव्याकडे पाठव.

```
location / {
    proxy_pass https://198.51.100.20;
    proxy_ssl_server_name on;
    proxy_ssl_name app.example.com;
    proxy_set_header Host app.example.com;
    proxy_set_header X-Forwarded-For $remote_addr;
}
```

यात `proxy_pass` पुढे नाव न लिहिता आयपी लिहिला आहे, ते मुद्दाम. नाव लिहिलं असतं तर जुन्या सर्व्हरला ते कुठल्यातरी रिझॉल्व्हरला विचारावं लागलं असतं, आणि त्या रिझॉल्व्हरकडेही जुनाच पत्ता असेल तर सर्व्हर स्वतःकडेच पाठवत बसला असता. जुन्या सर्व्हरवरचं टीएलएस प्रमाणपत्र अजून चालू होतं हेही नशीब. ते त्या आठवड्यात संपणारं असतं तर सगळंच अडलं असतं.

यानंतर जुन्याकडे कोणी गेलं तरी नोंद नव्या डेटाबेसमध्येच होऊ लागली. उरल्या त्या नऊ चाळीस ते नऊ सत्तावन्नच्या मधल्या अकरा पावत्या. त्या जुन्या डेटाबेसमधून काढून नव्यात घालणं दिसायला सोपं काम होतं, पण पावती क्रमांक आडवा आला. दोन्ही डेटाबेस एकाच प्रतीपासून निघालेले, त्यामुळे दोघांनी पुढचे क्रमांक तेच वाटले होते. निपाणीच्या एका किराणा दुकानदाराची पावती आणि चंदगडच्या एका खातेदाराची पावती, क्रमांक एकच. नुसती ओळ उचलून इकडे टाकली असती तर एकीने दुसरीला झाकलं असतं किंवा नोंदच नाकारली गेली असती. शेवटी अकराही नव्या क्रमांकांनी भरल्या, जुना क्रमांक शेऱ्यात ठेवला आणि त्या एजंटांना दुसऱ्या दिवशी नव्या पावत्या द्यायला लावल्या. डे-एंड निघायला मध्यरात्र झाली. पैसा कुणाचा बुडाला नाही, पण पिग्मी हा विश्वासावर चालणारा धंदा आहे आणि एका पावतीचे दोन क्रमांक झाले की खातेदाराला ते समजावणं एजंटाच्या जिवावर येतं.

फायबरवाल्याची अर्ध्या तासाची मर्यादा दहा आठला संपली, तेव्हा निपाणीचं काम निस्तरलं असं वाटलं. तरी दहा वीसला जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये निपाणी शाखेचेच संगणक दिसत होते. आता शाखेच्या राउटरला विचारलं.

```
$ dig @192.168.1.1 app.example.com A +noall +answer
app.example.com.   2820 IN  A  192.0.2.10
```

इथे दोन मर्यादा एकमेकींवर चढल्या होत्या. एरवी राउटरसारखा मधला कॅश वरच्या कॅशकडून उरलेले सेकंद घेतो आणि तेवढेच मोजतो, त्यामुळे साखळी कितीही लांब असली तरी एकूण आयुष्य वाढत नाही. या राउटरमध्येही खालची मर्यादा होती, ३६०० सेकंदांची. त्याने दहा वाजून सात मिनिटांनी फायबरवाल्याच्या रिझॉल्व्हरला विचारलं, तेव्हा तिथे जुन्या रेकॉर्डचे ७२ सेकंद उरले होते. राउटरने ते ७२ वाचले, लहान आहेत म्हणून ३६०० केले आणि मरायला टेकलेल्या पत्त्याला एक तास बहाल केला. शाखा अकरा सातला मोकळी झाली, रेकॉर्ड बदलल्यापासून सत्याऐंशी मिनिटांनी. अशा साखळीत सगळ्यात वाईट वेळ काढायची तर प्रत्येक टप्प्याची खालची मर्यादा बेरजेत घ्यावी लागते. १८०० आणि ३६०० मिळून ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. आपण लिहिलेल्या साठचा त्या बेरजेत काही संबंधच उरत नाही. राउटर बंद करून चालू केला असता तर त्याचा कॅश रिकामा झाला असता, पण आता भरणा नव्यातच जात होता, म्हणून रात्री दहा वाजता शाखेत कुणाला पळवलं नाही.

रविवारी सकाळी आणखी एक प्रकार दिसला, आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखा तोच. सात वीसला खानापूरकडच्या एका गावातून एका एजंटाची विनंती जुन्या सर्व्हरवर आली. रात्रीच्या बदलाला साडेनऊ तासांहून जास्त झाले होते. खालची मर्यादा सहसा कुणी इतकी लांब ओढत नाही. लगेच पुढची विनंती, मिनिटभरात, नव्या सर्व्हरवर थेट पोचलेली होती.

हे नेट वेगळ्या नेटवाल्याचं, आणि त्याच्या रिझॉल्व्हरवर मुदत संपलेलं उत्तर देण्याची सोय चालू होती. तिला २०२०मध्ये आरएफसी ८७६७ने रीतसर मान्यता दिली. मूळ कल्पना चांगली आहे. मूळ नेमसर्व्हर पोचण्याजोगा नसेल तर ग्राहकाला काहीच न देण्यापेक्षा शिळं उत्तर द्यावं. त्या दस्तऐवजाची शिफारस अशी की आधी नवं उत्तर मिळवायचा प्रयत्न करावा, १.८ सेकंदांत ते आलं नाही तर शिळं द्यावं, आणि त्यावर ३० सेकंदांचा टीटीएल लावावा. पण अनबाउंडमध्ये `serve-expired` चालू असेल आणि थांबण्याची वेळ, म्हणजे `serve-expired-client-timeout`, शून्य असेल, तर तो क्रम उलटतो. शिळं उत्तर लगेच हातावर ठेवायचं, आणि नवं मागून आणायचं. ग्राहकाला उत्तर झटकन मिळतं, पण बराच वेळ न विचारलेल्या नावाचा पहिला विचारणारा नेहमी जुना पत्ता घेऊन जातो.

म्हणून हा दोष गजबजलेल्या नेटवर्कवर दिसत नाही. तिथे कुणी ना कुणी सारखं विचारत असतं, आणि पहिल्या एका विचारण्यानंतर कॅश ताजा होतो. दोष दिसतो तो छोट्या गावात, जिथे ते नाव दिवसातून दोनचार वेळाच विचारलं जातं. शनिवारी दुपारी कुणीतरी विचारलं होतं, मग थेट रविवारी सकाळी या एजंटाने. मधली सगळी रात्र शिळा रेकॉर्ड कॅशमध्ये पडून होता. शिळ्या उत्तराला किती काळ ठेवायचं यावर नेटवाल्याने मर्यादा घातली नसेल तर असा पहिला विचारणारा कधीही उगवू शकतो. आरएफसी ८७६७ एक ते तीन दिवसांची मर्यादा सुचवतो. जुना सर्व्हर कधी बंद करायचा याचा हिशेब करताना टीटीएलपेक्षा हे तीन दिवस धरलेले बरे.

मंगळवारपर्यंत जुन्या लॉगमधली गर्दी ओसरली. उरला एकच पत्ता, खानापूर शाखेचा, आणि त्याच्या विनंत्या कमी व्हायचं नाव घेत नव्हत्या. लॉगचा हा आकार ओळखता आला पाहिजे. रिझॉल्व्हरच्या मर्यादेमुळे येणारे लोक ठरावीक वेळेला गटाने गळतात, शिळ्या उत्तराचे एकेकटे येऊन लगेच जातात, आणि जो मुळीच गळत नाही तो डीएनएसला विचारतच नसतो. खानापूरला कमकुवत लाइनमुळे एक मधला एनजिनएक्स बसवलेला होता, आणि त्याच्या `proxy_pass` मध्ये सर्व्हरचं नाव होतं. असं नाव एनजिनएक्स सुरू होतानाच एकदा सोडवतो आणि पुढे तोच पत्ता धरून बसतो. टीटीएल ६० असो की एक दिवस, त्याला फरक पडत नाही. `nginx -s reload` दिल्याबरोबर तो नव्याकडे वळला. त्याच्यासाठी रिझॉल्व्हरला दोष देत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

पुढच्या महिन्यात संस्थेची पासबुकची साइट त्याच वाटेने हलवायची होती. या वेळी आधी `ttlcheck.example.com` असं कुणाच्याच वापरात नसलेलं नाव तयार केलं, टीटीएल ६०. प्रत्येक शाखेतून आणि चार गावांतल्या एजंटांच्या घरच्या नेटवरून ते विचारायला लावलं. हे विचारणं रेकॉर्ड बदलायच्या लगेच आधी व्हावं लागतं, नाहीतर कॅशमध्ये काहीच नसतं आणि सगळे रिझॉल्व्हर खोटे प्रामाणिक दिसतात. मग पत्ता बदलला आणि कुठे कधी पालटतो ते टिपलं. इथे दिसणाऱ्या टीटीएलवर विसंबायचं नाही, पत्ता खरोखर पालटल्याची वेळच लिहायची, कारण एखादा रिझॉल्व्हर बाहेर ६० दाखवून आत जास्त वेळ धरू शकतो. आणि मोठ्या रिझॉल्व्हरच्या एकाच पत्त्यामागे बरेच स्वतंत्र कॅश असतात, त्यामुळे लागोपाठ विचारलं तर ४१, मग १२, मग ५८ असे उड्या मारणारे आकडे येतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही. दर खेपेला वेगळ्या कॅशचं उत्तर मिळतं, एवढंच. चंदगड शाखा मिनिटभरात पालटली. निपाणीचा राउटर आम्ही आधीच दुरुस्त केला होता, तरी फायबरवाल्याचा अर्धा तास तसाच होता.

तो आकडा समोर असताना ६० सेकंदांचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. साइटचा टीटीएल ३०० ठेवला. जे पाळतात त्यांना पाच मिनिटं, जे पाळत नाहीत त्यांना अर्धा तास, मग आपण ६० लिहा की ३००. खरा बदल क्रमात केला. डेटाबेसची प्रत झाली की आधी जुना सर्व्हर नव्याकडे पाठवणारा करायचा, त्या वाटेने सगळं तपासायचं, आणि शेवटी डीएनएसला हात लावायचा. असं केलं की रेकॉर्ड बदलण्याच्या क्षणाला काही महत्त्व उरत नाही. लिहिण्याची जागा त्याआधीच एक झालेली असते. परत फिरण्याचीही काळजी मिटते. डीएनएसने परत फिरायचं म्हटलं तर नव्या पत्त्यालाही तीच अर्ध्या तासाची मर्यादा लागते. दहा मिनिटांत माघार घेतलीत तरी काही लोक वीस मिनिटं बिघडलेल्या नव्या सर्व्हरवरच अडकतात. डीएनएस बदलण्याआधीच्या टप्प्यात मात्र जुन्या सर्व्हरवरच्या त्या ओळी काढल्या की सगळे जागच्या जागी परत येतात.

निपाणीच्या फायबरवाल्याला त्या दिवशी आधीच फोन केला होता. मर्यादा शून्य करायला तो तयार झाला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पण एका नावापुरता कॅश रिकामा करायला त्याची ना नव्हती. आम्ही रेकॉर्ड बदलून कळवलं की त्याने त्याच्या बॉक्सवर ही ओळ चालवली.

```
unbound-control flush passbook.example.com
```

गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरसाठी अशी सोय त्यांच्या वेबपानावर कुणालाही मिळते. मोठ्या मोबाइल कंपनीकडे असं मागायला कुणाला फोन करायचा हेच कळत नाही. गावचा नेटवाला निदान फोन उचलतो. त्या संध्याकाळी निपाणी बेळगावच्या आधी पालटली. जुना सर्व्हर पूर्ण आठवडाभर नव्याकडे पाठवत ठेवला, आणि लॉगमध्ये नाव न घेता थेट आयपीवर येणारे स्कॅनर सोडून दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा बंद केला. टीटीएल परत ३६०० वर नेऊन ठेवला आहे.